णमोकार मंत्र : पाच ओळी नेमक्या कोणाला? आणि महावीर कुठल्या ओळीत?

केतकी_म
रविवारच्या पाठशाळेत लहान मुलांना शिकवते, वय सात ते अकरा. णमोकार सगळ्यांचा तोंडपाठ आहे, अर्थही रट्टा मारून सांगतात, की अरिहंतांना नमस्कार, सिद्धांना नमस्कार, आचार्यांना, उपाध्यायांना आणि लोकातल्या सगळ्या साधूंना. पण एका मुलीने विचारलं की ताई यात महावीर भगवान कुठे आहेत, त्यांचं नावच नाही. दुसऱ्याने लगेच विचारलं, सिद्ध मोठे ना, मग ते दुसऱ्या नंबरवर का. मला उत्तर ढोबळमानाने माहितीये पण मुलांना पटेल असं नीट सांगायचंय. पुस्तकातली व्याख्या नको, ती माझ्याकडे आहे. तुम्ही लोक हे कसं समजता ते सांगा.

सुमित७
सोप्पं आहे. अरिहंत म्हणजे चोवीस तीर्थंकर, आदिनाथांपासून महावीरांपर्यंत. म्हणजे महावीर पहिल्या ओळीत. सिद्ध म्हणजे बाकीचे जे मोक्षाला गेले ते. तीर्थंकर मोठे म्हणून पहिले. संपला विषय.

चिंगी
विषय संपला तर धागा पण संपेल, असं नका करू 😀

गाथावाचक
सुमित, अर्धं बरोबर आहे. तीर्थंकर अरिहंत होते हे खरं, पण 'होते'. आत्ता महावीर अरिहंत नाहीत, सिद्ध आहेत.

केतकीताई, मुलांना कर्मापासून सुरुवात करून सांगा, मग सगळं सुटतं. आठ कर्मं. त्यातली चार आत्म्याचे गुणच झाकतात, ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय, अंतराय, यांना घाती म्हणतात. उरलेली चार म्हणजे वेदनीय, आयु, नाम, गोत्र, ही शरीराशी आणि आयुष्याशी बांधलेली. पहिली चार संपली की केवलज्ञान, म्हणजे सगळं जाणणारं पूर्ण ज्ञान झालं, तो जीव अरिहंत. पण अजून शरीर आहे, आयुष्य उरलंय, त्यामुळे तो चालतो, बोलतो, उपदेश करतो. आयुष्य संपताना उरलेली चारही एकदम सुटतात आणि तोच जीव सिद्ध होतो. शरीर नाही, बोलणं नाही, लोकाच्या अग्रभागी कायमचा.

म्हणजे पावापुरीला निर्वाण होईपर्यंत महावीर पहिल्या ओळीत, त्या क्षणानंतर दुसऱ्या. चोवीसही तीर्थंकर आज दुसऱ्या ओळीतच आहेत. ओळी माणसांच्या नावाच्या नाहीतच, त्या अवस्थांच्या आहेत, आणि एकच जीव एका ओळीतून दुसरीत जातो. महावीरांचं नाव न सापडण्याचं कारणही हेच. नावाने स्तुती करायची तर चतुर्विंशतिस्तव आहे की, लोगस्स म्हणतात तो, त्यात चोवीसही नावं येतात.

सुमित७
मग देवळात मूर्ती कोणाची असते? पूजा करताना आपण अरिहंत म्हणूनच करतो ना. सिद्धाची कशी करणार, शरीरच नाही म्हणता.

गाथावाचक
चांगला मुद्दा काढलास. देवळात बहुतेक मूर्ती अरिहंत अवस्थेच्या असतात, म्हणजे महावीरांची ती अवस्था समोर ठेवून पूजा करतो. छत्र, भामंडल, चवऱ्या, पायाशी सिंहाचं चिन्ह हे सगळं त्याच अवस्थेचं. सिद्धाची प्रतिमाही करतात दिगंबर मंदिरांत, बघितली नसशील तर मुद्दाम बघ. धातूचा पत्रा असतो आणि त्यात माणसाच्या आकाराची जागा कापून काढलेली असते. मूर्ती म्हणून जे आहे ते रिकामं, कडा तेवढ्या पत्र्याच्या. शेवटच्या शरीराएवढाच आकार, थोडा कमी, पण शरीर नाही, हे शास्त्रातलं वर्णन कारागिराने जसंच्या तसं पत्र्यात उतरवलंय. मुलांना ती एकदा दाखवा, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला फरक तोंडी समजावायची गरज पडणार नाही.

केतकी_म
अरे वा, हे डोक्यातच नव्हतं. आमच्या मंदिरात आहे तशी एक, छोटी, बाजूच्या कोनाड्यात, मुलं रोज तिच्यासमोरून जातात आणि कोणी विचारत नाही. पण दुसरा प्रश्न राहिला, सिद्ध आठही कर्मांतून सुटलेले, मग आधी अरिहंत का?

मनाली_एस
आमच्याकडे महाराजसाहेब सांगतात की सिद्ध दिसत नाहीत, बोलत नाहीत, मग ते आहेत हे आपल्याला कळलं कोणाकडून? अरिहंतांकडून. ज्याने सांगितलं त्याचे उपकार पहिले. मी लहानपणापासून हेच ऐकलंय आणि मला पटतं.

गाथावाचक
मनालीताई, हेच उत्तर वीरसेन आचार्यांनी धवला टीकेत दिलंय, नवव्या शतकात. ती टीका ज्या ग्रंथावर आहे त्या षट्खंडागमाची सुरुवातच या मंत्राने होते, त्यामुळे टीकाकाराला इथे थांबून एकेक शंका सोडवावीच लागली. अरिहंत नसते तर आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा कोण, आगम काय, पदार्थ काय हे आपल्याला कळलंच नसतं, म्हणून आधी त्यांना. पुढे ते स्वतःच आक्षेप घेतात की हा पक्षपात झाला ना, गुणांनी मोठा मागे आणि उपकार करणारा पुढे? आणि उत्तर देतात की शुभाकडे झुकलेला पक्षपात दोष नाही, त्याने कल्याणच होतं. मला ही जागा फार आवडते, कारण पक्षपात नाहीच असं म्हणून ते हात झटकत नाहीत, आहे म्हणतात आणि तो का चालतो ते सांगतात.

त्याच ठिकाणी अजून एक शंका आहे जी मुलं नक्की विचारतील. अरिहंत-सिद्ध ठीक, पण आचार्य, उपाध्याय, साधू यांची कर्मं अजून शिल्लक आहेत, मग त्यांना त्याच रांगेत नमस्कार का? वीरसेनांचं उत्तर असं की रत्नत्रय, म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र, थोडं असलं तरी रत्नत्रयच, गवताची गंजी जाळायचं काम आगीचा डोंब करतो तेच ठिणगीही करते.

रानवारा
मी जैन नाही, सहज वाचत होतो, प्रश्न विचारू का? पाचव्या ओळीत 'लोकातल्या सर्व साधूंना' असं आहे ना, मग त्यात तुकोबा, ज्ञानोबा, सगळे संत येतात असं मी एका व्याख्यानात ऐकलं होतं. खूप भारी वाटलं होतं तेव्हा.

सुमित७
येतात की. 'सर्व' म्हणजे सर्व. यात जातपात धर्म काहीच नाही, म्हणूनच हा मंत्र युनिव्हर्सल आहे.

गाथावाचक
रानवारा, प्रश्न चांगलाय पण परंपरेचा अर्थ तसा नाही. इथला साधू म्हणजे पाच महाव्रतं घेतलेला, रत्नत्रयाची साधना करणारा मुनी. 'सर्व' हा शब्द त्यातले भेद पुसायला आहे, म्हणजे या गणाचा त्या गणाचा, माझ्या गुरूचा तुझ्या गुरूचा, ओळखीचा अनोळखी, नवदीक्षित की चाळीस वर्षं दीक्षेत असलेला, सगळे. आणि 'लोए' म्हणजे इथलेच नाहीत, अढाई द्वीपात, म्हणजे माणसांची वस्ती असलेल्या सगळ्या भागात, जिथे जिथे आहेत तिथले.

अजून एक. वीरसेन म्हणतात हे दोन शब्द शेवटच्या ओळीत असले तरी लागू पाचही ओळींना होतात. शेवटी ठेवलेला दिवा मागच्या खोल्याही उजळतो तसे, त्याला अंत्यदीपक म्हणतात. म्हणजे लोकातले सर्व अरिहंत, सर्व सिद्ध, सर्व आचार्य असं वाचायचं. त्यामुळे पहिली ओळ आज रिकामी आहे का, या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. आपल्या भरतक्षेत्रात आज अरिहंत नाहीत, पण महाविदेह नावाच्या दुसऱ्या क्षेत्रात तीर्थंकर सीमंधरस्वामी आहेत, आत्ता या घडीला, असं दोन्ही परंपरा मानतात. नमस्कार तिकडे पोचतो.

रानवारा
समजलं. व्याख्यानातलं जास्त गोड होतं पण हे जास्त स्पष्ट आहे. तरी माझ्यासारख्याने म्हणताना मनात तुकोबांना आणलं तर कोणी अडवणार नाही ना.

मनाली_एस
कोणी कशाला अडवेल 🙏 फक्त मंत्राचा अर्थ तो नाही एवढंच.

चिंगी
माझा एक प्रश्न राहून गेला, लोकलमध्ये उभ्याने म्हटला तर चालतो का? आणि १०८ वेळाच का?

मनाली_एस
चालतो, कुठेही कधीही, चप्पल घालून, उभ्याने, मनात. १०८ चं असं की पाचांचे मिळून गुण १०८ आहेत. अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. बेरीज कर.

राजू_के
आमच्याकडे (दिगंबर) अरिहंतांचे ४६ मूलगुण आणि साधूंचे २८ शिकवतात. बेरीज १४३ येते. मग माळ १०८ ची का आमच्याकडे?

मनाली_एस
हे मला माहिती नव्हतं. मग १०८ चं कारण तुमच्याकडे काय सांगतात?

राजू_के
आजोबा सांगायचे की पाप १०८ वाटांनी होतं. मनाने वाचेने कायेने, स्वतः करून, करवून, अनुमोदन देऊन, चार कषायांनी, आणि संरंभ, समारंभ, आरंभ, म्हणजे ठरवणं, तयारी करणं, सुरू करणं, या तीन पायऱ्यांनी. तीन गुणिले तीन गुणिले चार गुणिले तीन. एकेका मण्याला एकेक वाट. दोन्ही कारणं छान आहेत, भांडण नाही.

विश्वेश
इतिहासाच्या बाजूने थोडं. तुम्ही सगळे पाच ओळी एकत्र धरून चाललाय. ओडिशात उदयगिरीला खारवेल राजाचा हाथीगुंफा शिलालेख आहे, इसवी सनाच्या आधीचा मानतात साधारण, त्याच्या सुरुवातीला फक्त दोनच ओळी आहेत, अरहंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार. आपल्याकडे मावळात पाले गावच्या लेण्यातला लेख 'नमो अरहंतानं' एवढ्यानेच सुरू होतो. मथुरेच्या आयागपटांवर, म्हणजे पूजेच्या कोरीव शिळांवर, अर्हत वर्धमानाला, म्हणजे महावीरांना, नमस्कार आहे. म्हणजे बाकीच्या तीन ओळी नंतर जोडल्या गेल्या असाव्यात. मंत्र वाढत गेला.

गाथावाचक
विश्वेश, शिलालेखावर दोन ओळी कोरल्या म्हणजे तोंडी दोनच होत्या असं कसं म्हणता? दगडावर जागा मोजून मंगलाचरण करतात. आजही लग्नपत्रिकेवर पहिली एकच ओळ छापतात, म्हणून उद्या कोणी म्हणेल का की एकविसाव्या शतकात मंत्र एका ओळीचा होता?

विश्वेश
लग्नपत्रिकेचा मुद्दा मान्य, पण पाचही ओळी असलेला तितका जुना लेख दाखवा ना. मी म्हणतोय पुरावा जेवढा आहे तेवढंच बोलू.

गाथावाचक
परंपरा मंत्राला अनादि मानते, कोणी रचला असं म्हणतच नाही. तुमची पद्धत वेगळी, माझी वेगळी. पण एक गोष्ट तुमच्या पुराव्यातूनच दिसते, दोनच ओळी असल्या तरी क्रम तोच आहे, अरहंत आधी, सिद्ध नंतर. केतकीताईंचा प्रश्न किमान दोन हजार वर्षं जुना आहे.

विश्वेश
हे मात्र खरं.

राजू_के
माझा प्रश्न वेगळा आहे आणि जरा घरचा आहे. माझ्या आत्याने दीक्षा घेतली, आर्यिका आहे आता. दर्शनाला गेलो की मुनींना 'नमोस्तु' म्हणतो आणि आत्याला 'वंदामि'. मुनीच्या आधीच्या पायरीवरच्या क्षुल्लक महाराजांना 'इच्छामि'. मग णमो लोए सव्वसाहूणं म्हणताना आत्या त्यात येते की नाही? कोणाला विचारलं की विषय बदलतात.

मनाली_एस
आमच्यात, श्वेतांबरांत, साध्वीजी भगवंत पाचव्या पदातच, शंकाच नाही. साधू-साध्वी दोघांनाही 'मत्थएण वंदामि'च.

गाथावाचक
राजू, विषय बदलत नाही, पण उत्तर एकमुखी नाही हे सांगतो. दिगंबर परंपरेत आर्यिकेची महाव्रतं उपचाराने, म्हणजे व्यवहारापुरती, मानतात, वस्त्र आहे म्हणून. त्या हिशोबाने काटेकोर बोलणारे पाचव्या ओळीत २८ मूलगुणांचे मुनीच धरतात, आणि म्हणूनच अभिवादनाचे तीन वेगळे शब्द आहेत. दुसरे म्हणतात आर्यिका संघाचाच भाग, पूज्य आहे, नमस्कार तिच्यापर्यंत जातोच. मी दोन्ही बाजूंचे विद्वान ऐकलेत आणि त्यांचं एकमत झालेलं बघितलं नाही.

राजू_के
ठीक. निदान सरळ सांगितलंत.

केतकी_म
मधल्या दोन ओळींबद्दल कोणीच बोललं नाही. मुलांना आचार्य आणि उपाध्याय यातला फरक मी 'प्रिन्सिपल आणि टीचर' असा सांगते. बरोबर आहे का?

गाथावाचक
चालेल, मुलांसाठी. पण प्रिन्सिपलची खुर्ची मोठी असते आणि पगारही, तिथे गडबड होते. आचार्य संघाचा नायक, दीक्षा तो देतो, प्रायश्चित्त तो देतो, आणि दर्शन, ज्ञान, चारित्र, तप, वीर्य हे पाच आचार स्वतः पाळून दुसऱ्यांकडून पाळून घेतो. उपाध्याय शिकवतो, आगमाचा पाठ देतो. सगळ्याच संघांत उपाध्याय पद नेमलेलं असतं असं नाही. पण आतून तिघंही साधूच. आचार्यपद ही जबाबदारी आहे, आत्म्याची वरची पायरी नाही, आणि ती उतरवूनही ठेवता येते. किंबहुना सल्लेखनेच्या, म्हणजे आहार हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताच्या, आधी उतरवावीच लागते, कारण संघाचा कारभार डोक्यात असला की शेवटची साधना होत नाही.

यावर एक प्रसंग सांगतो, मुलांना जरूर सांगा. राजस्थानात नसीराबाद, २२ नोव्हेंबर १९७२. आचार्य ज्ञानसागर, वय ऐंशीच्या पुढे, संधिवाताने शरीर थकलेलं. त्यांनी आपलं आचार्यपद शिष्य मुनी विद्यासागरांना दिलं. विद्यासागर तेव्हा सव्वीस वर्षांचे, दीक्षा १९६८ ची, म्हणजे दीक्षेला पुरती पाच वर्षंही झालेली नाहीत. पद दिल्यावर ज्ञानसागर आचार्यांच्या आसनावरून उठले, त्यावर शिष्याला बसवलं, स्वतः खाली साधूंच्या जागी बसले, शिष्याला नमस्कार केला, आणि विनंती केली की आता आपण माझे निर्यापक आचार्य व्हा, माझी सल्लेखना आपल्या देखरेखीखाली करवा. १ जून १९७३ ला तिथेच त्यांची समाधी झाली.

आता हे ओळींवर लावून बघा. सकाळी णमो आयरियाणं म्हणताना नमस्कार ज्ञानसागरांना जात होता आणि विद्यासागर पाचव्या ओळीत होते. पदत्याग झाला आणि जागा बदलल्या. गुरू पाचव्या ओळीत आला, शिष्य तिसऱ्या. मंत्र तोच, शब्द तेच. ज्ञानसागर काही त्या दिवशी आत्म्याने खाली गेले नाहीत, उलट चढलेच म्हणायचं. आणि ज्याला दीक्षा दिली त्याच्यापुढे हात जोडताना त्यांना अडचण आली नाही, कारण नमस्कार माणसाला नव्हताच.

सुमित७
हे वाचून अंगावर काटा आला. शांतिसागर महाराजांचं पण असंच ना? कुंथलगिरीला?

गाथावाचक
हो, १९५५, कुंथलगिरी. सल्लेखना घेतल्यावर त्यांनी आचार्यपद वीरसागर महाराजांना दिलं. वीरसागर तिथे नव्हते, पद लेखी कळवलं गेलं. तेव्हा तिथे दर्शनाला गेलेली माणसं आमच्या मागच्या पिढीत पुष्कळ होती.

राजू_के
आमचे आजोबा गेले होते. रांगेत दिवसभर उभे होते म्हणायचे.

मनाली_एस
गाथावाचक, एक शंका. महावीरांचे मुख्य शिष्य गौतमस्वामी, त्यांचं काय? महावीरांच्या निर्वाणाच्या रात्रीच त्यांना केवलज्ञान झालं आणि पुढे बारा वर्षं ते होते. त्या बारा वर्षांत ते कुठल्या ओळीत? आमच्याकडे अरिहंत म्हणजे तीर्थंकरच असं सांगतात, आणि सामान्य केवली पाचव्या ओळीत धरतात.

गाथावाचक
आमच्याकडे, दिगंबरांत, केवली झाले म्हणजे चार घाती कर्मं गेली, म्हणून पहिल्या ओळीत. तीर्थंकर प्रकृती, म्हणजे तीर्थंकर बनवणारं कर्म, नसली तरी अरिहंतच. ४६ गुणांतले अतिशय आणि प्रातिहार्यं तेवढी तीर्थंकरांची खास, पण अनंत ज्ञान, दर्शन, सुख, वीर्य ही चार सगळ्या केवलींना सारखीच. श्वेतांबरांत सगळे एकच धरतात का?

मनाली_एस
नाही, ऐकण्यात फरक आहे. स्थानकवासी मैत्रिणीकडे पहिल्या पदाच्या वंदनेत केवलींचाही उल्लेख येतो. मी विचारून सांगते.

सुमित७
म्हणजे माझं 'अरिहंत म्हणजे तीर्थंकर' एकदम चूक नव्हतं तर 😀

गाथावाचक
मनालीताईंच्या परंपरेने अरिहंत म्हणजे तीर्थंकर हे बरोबर. पण त्या परंपरेनेही चोवीस तीर्थंकर आज सिद्धच.

केतकी_म
पुढच्या रविवारी असं करणार आहे. आधी कोनाड्यातली सिद्ध प्रतिमा, मग गौतमस्वामींना एकेका ओळीतून नेणार, आधी साधू, मग केवली, मग सिद्ध. केवली कुठल्या ओळीत यावर दोन मतं आहेत हे पण सांगेन, लपवणार नाही. नसीराबादचा प्रसंग मोठ्या मुलांना. अजून एक, मुलं फार भराभर म्हणतात, शेवटी सव्वसाहूणं ऐकूच येत नाही. काही उपाय?

राजू_के
श्वासावर म्हणायला लावा, कायोत्सर्गात म्हणतात तसं. णमो अरहंताणं श्वास घेताना, णमो सिद्धाणं सोडताना. णमो आयरियाणं घेताना, णमो उवज्झायाणं सोडताना. णमो लोए घेताना, सव्वसाहूणं सोडताना. एका मंत्राला तीन श्वास, नऊ मंत्रांना सत्तावीस. मनातल्या मनात, तोंड बंद. घाई करताच येत नाही. लहान मुलांना नऊ जास्त होतात, तीनच घ्या आधी.

चिंगी
लोकलमध्ये करून बघितलं, तीन जमले, चौथ्याला स्टेशन आलं. संध्याकाळी परत.

मनाली_एस
मैत्रिणीला फोन केला. त्यांच्याकडे केवली पहिल्याच पदात म्हणतात, म्हणजे गाथावाचकांच्या बाजूला. आमच्या महाराजसाहेबांना चातुर्मासात विचारेन आणि इथेच लिहीन.